कडकडाट, टपटप, हुरहुर : अनुकरणवाचक की भाववाचक? वाक्यात नेमके ओळखायचे कसे?

मुक्तछंद (धागाकर्ती)

मी सध्या शालेय मुलांसाठी तयार होत असलेल्या एका सरावपुस्तिकेचे मुद्रितशोधन करते आहे. तिच्यातील दोन प्रश्नांमुळे काम अडले आहे. एका प्रश्नात 'विजांचा कडकडाट झाला' या वाक्यातील अधोरेखित शब्दाचा प्रकार विचारला असून उत्तर 'अनुकरणवाचक' असे दिले आहे. चार पानांनंतर जवळजवळ तेच वाक्य नामांच्या प्रकारांत आले आहे आणि तिथे उत्तर 'भाववाचक नाम' असे आहे. लेखकांना विचारले असता त्यांनी दोन्ही उत्तरे बरोबर असल्याचे सांगितले, पण एखाद्या मुलाने पहिल्या प्रश्नाला दुसरे उत्तर लिहिले तर ते चूक धरायचे की बरोबर, याचा खुलासा मला मिळाला नाही.

चर्चा हवेत राहू नये म्हणून त्याच पुस्तिकेच्या धर्तीवर मी एक उतारा रचला आहे.

"ढगांचा गडगडाट सुरू झाला आणि पाहता पाहता पत्र्यावर थेंब टपटप वाजू लागले. धाडकन दार आपटले, तसे आजीच्या काळजात धस्स झाले. तिच्या छातीत धडधड होऊ लागली. बाहेर गेलेल्या नातवासाठी तिचा जीव तगमगत होता. पाऊस थांबला तेव्हा गल्लीत शुकशुकाट होता."

यातील अनुकरणवाचक शब्द कोणते, भाववाचक कोणते, आणि ते वाक्यात ओळखण्याची काही खात्रीची रीत आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. आवाजांच्या याद्या माझ्याकडे पुष्कळ आहेत, मला रीत हवी आहे.

चातक

रीत अगदी सोपी आहे आणि मी मुलांना अनेक वर्षे तीच सांगत आलो आहे. डोळे मिटून वाक्य ऐकावे. शब्दाबरोबर कानात आवाज उमटला तर तो शब्द अनुकरणवाचक, आणि आवाज न उमटता मनाची किंवा शरीराची एखादी अवस्था जाणवली तर तो भाववाचक. या हिशेबाने गडगडाट, टपटप, धाडकन आणि धडधड हे चार अनुकरणवाचक ठरतात, तर धस्स, तगमग आणि शुकशुकाट हे भाववाचक. 'कडकडाट' ऐकू येतो, म्हणून तो अनुकरणवाचकच. दुसऱ्या प्रश्नातील उत्तर छपाईची चूक असावी.

रानवाटा

विषय फार आवडीचा आहे. पक्ष्यांच्या आवाजांबद्दल थोडी भर घालतो. टिटवीचे नाव तिच्या आवाजावरूनच पडले आहे, हे रानात एकदा ऐकले की कोणालाही पटते. पावशाचा आवाज आपल्याकडे 'पेरते व्हा' असा ऐकतात, म्हणजे पक्ष्याच्या शिळेला माणसाने थेट अर्थ असलेले शब्द दिले. मोराचा केकारव, कबुतराचे घुमणे, कोंबड्याचे आरवणे, कावळ्याची कावकाव, चिमण्यांची चिवचिव अशी मोठी यादी माझ्या टिपणवहीत आहे. हवी असल्यास पूर्ण टंकून देईन.

उपान्त्य

मुक्तछंद यांना पडलेला पेच खरा आहे. चातक यांच्या रीतीने तो अर्धा सुटतो आणि अर्धा अधिक घट्ट होतो. अनुकरणवाचक आणि भाववाचक हे एकाच फळीवरचे दोन खण आहेत, असे धरून चालल्यामुळे हा घोळ होतो. पहिली संज्ञा शब्द कसा घडला ते सांगते. शब्दसिद्धीच्या प्रकरणात पूर्णाभ्यस्त आणि अंशाभ्यस्त यांच्या शेजारी ती येते, ती याचसाठी. दुसरी संज्ञा शब्द कशाचे नाव आहे ते सांगते आणि ती नामांच्या प्रकरणातील आहे. म्हणून 'विजांचा कडकडाट झाला' या वाक्यातील 'कडकडाट' घडणीने अनुकरणवाचक आहे आणि त्याच वाक्यात, त्याच क्षणी, भाववाचक नामही आहे. विजेपासून वेगळा काढून हातात धरता येईल असा कडकडाट नसतो. तो विजेच्या क्रियेचे नाव आहे, आणि क्रियेच्या किंवा धर्माच्या अशा नावालाच आपण भाववाचक नाम म्हणतो.

'-आट' हा प्रत्यय नेमके हेच काम करतो. कडकड, गडगड, खणखण, किलबिल, फडफड यांना तो लागला की पुल्लिंगी भाववाचक नाम तयार होते. त्यामुळे पुस्तिकेतील दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. दोष प्रश्नाच्या शब्दरचनेत आहे, कारण 'प्रकार ओळखा' म्हणताना घडणीचा प्रकार हवा की नामाचा, हे विचारणाऱ्याने सांगितलेले नाही.

आता वाक्याकडे वळू. एकच ध्वनिरूप वाक्यात चार-पाच वेश घेते, त्यामुळे शब्द सुटा करून पाहिल्यास काहीच ठरत नाही. 'पाने सळसळ हलत होती' यात सळसळ क्रियाविशेषण आहे. 'पानांची सळसळ थांबली' यात ते स्त्रीलिंगी नाम आहे. 'पाने सळसळली' यात त्याचे क्रियापद झाले. घडण तिन्ही ठिकाणी अनुकरणाचीच आहे, पण भाववाचक नाम फक्त मधल्या वाक्यात आहे.

नाम ओळखण्यासाठी मी दोन गोष्टी पाहतो. शब्दाच्या आधी 'चा, ची, चे' लागलेला शब्द बसतो का, आणि शब्दाला स्वतःला प्रत्यय लागून त्याचे रूप पालटते का? 'सळसळीमुळे जाग आली', 'कडकडाटाने मूल दचकले' असे म्हणता येते. क्रियाविशेषण असलेल्या 'टपटप'ला त्याच वाक्यात 'टपटपीने' करून पाहा, वाक्य मोडते.

रानवाटा, यादी नक्की द्यावी, पण ती देताना एक काळजी घ्यावी. प्राणी आणि वस्तू यांच्या आवाजांची नावे आणि अनुकरणवाचक शब्द हे दोन वेगळे संच आहेत. कावकाव आणि चिवचिव हे दोन्हींत बसतात. सिंहाची 'गर्जना' हे आवाजाचे नाव आहे खरे, परंतु त्या शब्दाला अनुकरणवाचक म्हणण्याइतके सिंहाच्या आवाजाचे रूप त्यात आज कोणाला ऐकू येत नाही.

मुक्तछंद

उपान्त्य सर, घडण आणि नाम यांतील भेद लख्ख कळला. एक शंका मात्र उरली आहे. 'करणे' हे क्रियापद आले की माझी पंचाईत होते. 'मुले कुजबुज करत होती' यात कुजबुज हे नाम आहे की क्रियाविशेषण? 'मुलांची कुजबुज' असे म्हणता येते, पण या वाक्यात 'मुलांची' हा शब्दच नाही. शिवाय 'धस्स' या शब्दाबद्दल आपण काही लिहिले नाही.

उपान्त्य

'करणे' असेल तेव्हा वाक्य भूतकाळात नेऊन पाहावे. 'मुलांनी कुजबुज केली.' येथे 'केली' हे रूप स्त्रीलिंगी एकवचनी आहे. मुलांना 'नी' लागल्यामुळे क्रियापद त्यांच्याप्रमाणे चालू शकत नाही, म्हणजे ते कुजबुज या शब्दाप्रमाणेच चालले. ज्याच्या लिंगाप्रमाणे क्रियापद फिरते ते नाम, यात शंका उरत नाही. याउलट 'थेंब टपटप पडले' यात 'पडले' हे थेंबांप्रमाणे चालते आणि 'टपटप' बाजूलाच राहते. 'त्याने तांब्या घासून चकाचक केला' यात 'केला' हे तांब्याप्रमाणे चालते, म्हणून 'करणे' असूनही चकाचक हे नाम नाही. ते तांब्याचे विशेषण होऊन बसले आहे.

याच कसोटीने 'धस्स' पाहिले की एक सुंदर गोष्ट दिसते. 'छातीत धडधड झाली' असे आपण म्हणतो, पण 'काळजात धस्स झाले' असेच म्हणतो. 'धस्स झाली' किंवा 'धस्स झाला' असे कोणीही मराठी माणूस म्हणणार नाही. धडधड हे स्त्रीलिंगी नाम झाले आहे, तर धस्सला अजून लिंगच मिळालेले नाही, आणि म्हणून क्रियापद आपसूक नपुंसकलिंगी एकवचनात उभे राहते. 'काळजात चर्र झाले' याचेही तसेच आहे. हे शब्द वाक्यात जणू अवतरणचिन्हांत येतात, 'धस्स असे झाले' या अर्थाने. 'धप् असा आवाज आला' यात तो 'असा' उघडपणे उच्चारला जातो. म्हणून धस्स आणि चर्र यांना मी अनुकरणवाचक म्हणेन, पण भाववाचक नाम म्हणणार नाही, जरी त्यांतून व्यक्त होणारी गोष्ट निखळ मनाची असली तरी. चातक यांच्या आणि माझ्या उत्तरांत येथे सरळ अंतर पडते.

'धाडकन' मध्ये '-कन' आहे तिकडेही लक्ष द्यावे. धाडकन, टुणकन, खुदकन, फाडकन हे शब्द क्रिया एकदाच आणि एका झटक्यात झाल्याचे सांगतात. काही बोलींत त्याच कामाला '-दिशी' येतो, जसे धाडदिशी. शब्द दुहेरी झाला की क्रिया चालू राहते. 'धाडकन दार आपटले' म्हटले की दार एकदा आपटले. 'दार धाडधाड आपटत होते' म्हटले की वारा सुटलेला आहे. '-कन' असलेला शब्द वाक्यात क्रियाविशेषणच असतो, एवढे मुलांना निर्धास्तपणे सांगता येईल.

वेदिका

मी व्याकरणाची अभ्यासक नाही, दवाखान्यात रुग्ण तपासते. पण हा धागा वाचताना माझे रोजचे काम डोळ्यांसमोर आले, म्हणून लिहिते. रुग्णाला दुखणे कसे आहे असे विचारले की उत्तर बहुधा याच प्रकारच्या शब्दांत येते. गळू पिकत आले की ते 'ठसठसते'. घसा 'खवखवतो'. डोळ्यांत काही गेले की 'चुरचुरते'. भाजून नुकतीच बरी झालेली कातडी 'हुळहुळते'. छातीत किंवा पोटात 'जळजळ' होते, पोटात 'गुडगुड' होते, ताप येण्याआधी अंगात 'कणकण' असते आणि उलटी होण्याआधी 'मळमळ' होते.

हे शब्द मला फार उपयोगी पडतात, कारण रुग्ण ते अतिशय नेमके वापरतात. ठसठसणाऱ्या दुखण्याला कोणी चुरचुरणारे म्हणत नाही. ठसठस म्हटले की नाडीच्या ठोक्यागणिक उसळणारी वेदना असते, आणि चुरचुर म्हटले की वरवरची, कातडीवरची किंवा डोळ्यातील आग असते. माझा प्रश्न असा की या शब्दांत आवाज कुठे आहे? गुडगुड मला नळीतून खरोखर ऐकू येते. धडधडही येते. परंतु ठसठस ऐकू येत नाही, हुळहुळ तर मुळीच नाही. मग हे अनुकरण कशाचे?

चातक

वेदिकाताईंनी माझेच म्हणणे उदाहरणांसह मांडले, असे मला वाटते. ऐकू येते ते अनुकरणवाचक आणि जाणवते ते भाववाचक, हा भेद रुग्णालाही कळतो. उपान्त्य यांची लिंगाची कसोटी नाम कोणते ते सांगेल, पण आवाज आहे की नाही ते तिच्यातून कळत नाही, आणि मुलांना विचारलेले तेच असते.

उपान्त्य

चातक, तुमची कसोटी मी टाकून देत नाही. धडधड, गडगड, टपटप अशा उघड शब्दांपुरती ती चालते आणि लहान मुलांना हाताशी असावीच. ती कोठे सोडून देते ते मात्र पाहायला हवे.

'तिजोरीत खडखडाट आहे' हे वाक्य घ्या. डोळे मिटून ऐकले तर काहीच आवाज येत नाही, कारण वाक्याचा अर्थ तिजोरी रिकामी आहे असा आहे. रिकाम्या भांड्यात किंवा पेटीत उरलेली एखादी वस्तू खडखडते, त्यावरून खडखडाट म्हणजे रिकामेपण हा अर्थ रूढ झाला. तुमच्या कसोटीने हा शब्द येथे भाववाचक आणि 'बैलगाडीचा खडखडाट ऐकू आला' यात अनुकरणवाचक ठरेल. माझ्या मते घडण दोन्ही वाक्यांत एकच आहे आणि नामाचा प्रकारही एकच आहे. पालटला तो फक्त अर्थ. याद्यांमध्ये 'ढगांचा गडगडाट' याच्या जोडीला 'तारकांचा चमचमाट' हमखास छापलेला असतो. तारका आवाज करत नाहीत, तरी तो शब्द यादीत बसल्याचे कोणाला खटकत नाही, कारण कानाने त्याची घडण ओळखलेली असते.

शुकशुकाट हा याहून टोकाचा नमुना आहे. कोणाला हळूच बोलवायचे असेल तर आपण 'शुक शुक' करतो. त्या आवाजाशी शुकशुकाटाचे नाते कसे जुळले, याबद्दल तर्क करता येतील, पण मी ठामपणे काही सांगणार नाही. निश्चित एवढेच आहे की रूप आवाजाचे आहे आणि अर्थ आवाज नसण्याचा आहे.

आता वेदिकाताईंच्या प्रश्नाकडे येतो. अनुकरण केवळ आवाजाचे नसते. लखलख आणि लुकलुक हे प्रकाशाचे अनुकरण आहे, घमघम हे वासाचे, थरथर आणि वळवळ हे हालचालीचे, आणि ठसठस, हुळहुळ, चुरचुर हे स्पर्शाचे व वेदनेचे. जे कानाला ऐकू येत नाही त्याची लय आपण जिभेने पकडतो. ठसठसमध्ये ठोक्यामागून ठोका आहे, आणि तुम्ही नाडीचा जो उल्लेख केला तो त्या शब्दात उच्चारातूनच येतो. हुळहुळमध्ये कुठेही ठोका नाही, सगळे निसरडे आहे. जे माणसाला जाणवते पण वर्णांत नीट पकडता येत नाही, ते तो जवळच्या वर्णांत बसवतो. संस्कृत व्याकरणात अस्फुट ध्वनीच्या अशा नकलेला 'अव्यक्तानुकरण' म्हणतात आणि पाणिनीने त्यासाठी स्वतंत्र सूत्र केले आहे. 'पटपटा करोति' हे त्याचे नेहमीचे उदाहरण. मराठीने ध्वनीवर न थांबता ती सोय प्रकाश, स्पर्श आणि मनापर्यंत नेली.

स्वर बदलला की आकार बदलतो, हेही तपासून पाहा. ढगांचा गडगडाट होतो आणि पोटात गुडगुडते. नदी खळखळते, पण मुठीतील चिंचोके खुळखुळतात, आणि खुर्चीचे सांधे सैल झाले की ती खिळखिळी होते. मोठ्या, मोकळ्या गोष्टीला 'अ', कोंडलेल्या किंवा लहान गोष्टीला 'उ' आणि 'इ', असा कल दिसतो. हा नियम नाही, पण नवा शब्द कानावर पडला तर त्याचा अंदाज याच्या आधारे बांधता येतो.

सांजवेळ

एक अडचण मांडते. दुहेरी झालेला प्रत्येक शब्द अनुकरणवाचक धरण्याची मुलांना सवय लागते आणि तिथे ती फसतात. 'रुग्णाच्या घशात घरघर सुरू झाली' यातील घरघर आणि 'ती मदत मागत घरोघर फिरली' यातील घरोघर यांत गोंधळ झालेला मी पाहिला आहे. 'तो दिवसभर मरमर मरतो', 'मुले हळूहळू चालत होती', 'तिचे मन तिळतिळ तुटले' यांचे काय करायचे? वेदिकाताईंच्या यादीतील 'जळजळ' मलाही याच जातीची वाटते.

उपान्त्य

शब्दाचा एक अर्धा भाग उचलून पाहावा. 'हळू' एकटा उभा राहतो आणि त्याचा अर्थ तोच असतो. 'तीळ' उभा राहतो, 'मर' हा मरण्याचा धातू आहे, 'घर' तर आहेच. म्हणून हे अर्थ असलेल्या शब्दांचे द्वित्व आहे, अनुकरण नव्हे. 'टप', 'सळ' किंवा 'खळ' एकटे उचलले तर हाती वाक्याशी जुळणारा अर्थ लागत नाही, फक्त नाद लागतो. घशातील 'घरघर' मधून 'घर' उचलले तर अर्थ मिळतो, पण त्याचा घशाशी काही संबंध नसतो. म्हणूनच ही कसोटीसुद्धा वाक्याबाहेर लावू नये.

जळजळीबद्दल तुमचे बरोबर आहे. त्यात 'जळणे' स्पष्ट दिसते, म्हणून ती द्वित्वाच्या बाजूला जाते, जरी रुग्णाच्या तोंडी ती हुळहुळ आणि चुरचुर यांच्याच रांगेत बसत असली तरी. तळमळ, हळहळ आणि कळकळ यांबद्दल मी स्वतः अजून पूर्ण समाधानी नाही. 'कळ' म्हणजे वेदना हा शब्द स्वतंत्र आहे, त्यामुळे कळकळ तिथून आली असे म्हणता येईल. हळहळीला असा आधार पटकन सापडत नाही. तिन्ही वाक्यात मात्र निःसंशय भाववाचक नामे आहेत.

कोरा कागद

मी स्पर्धा परीक्षांची तयारी करतो. आपली चर्चा उत्तम आहे, पण परीक्षेत चार पर्याय असतात आणि एकच निवडायचा असतो. 'गडबड' हा शब्द एका पुस्तकात अंशाभ्यस्त म्हणून दिला आहे आणि दुसऱ्यात अनुकरणवाचक म्हणून. मी काय लिहावे?

चातक

गडबड अनुकरणवाचकच. गर्दीचा आवाज त्यात स्पष्ट ऐकू येतो.

सांजवेळ

मला त्यात आवाजापेक्षा घाई जास्त जाणवते. 'गडबडीत पाकीट विसरले' असे म्हणताना कोणताही कोलाहल डोळ्यांसमोर नसतो. दुसऱ्या भागात 'ग'चा 'ब' झाला आहे, म्हणजे रूपाने ते अंशाभ्यस्तच आहे.

उपान्त्य

कोरा कागद, तुमच्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. रिमझिम, किलबिल, कुजबुज, चुळबुळ आणि गडबड या सगळ्यांत दुसरा भाग अंशतः बदललेला आहे, म्हणजे रूपाने ते अंशाभ्यस्तच आहेत. त्यांतील रिमझिम आणि किलबिल अनुकरणवाचक असल्याबद्दल कोणी वाद घालत नाही, कारण आवाज समोर असतो. गडबडीत तो मागे पडला आहे. पर्यायांत यांपैकी एकच प्रकार असेल तर तो निवडावा. दोन्ही असतील तर तो प्रश्नच सदोष आहे, आणि अशा वेळी ज्या पुस्तकावर परीक्षा बेतलेली आहे त्याची विभागणी पाळण्यावाचून गत्यंतर नाही. व्याकरण म्हणून मी मात्र दोन्ही म्हणेन.

मुक्तछंद

आता माझा उतारा पुन्हा लावून पाहते. गडगडाट : घडण अनुकरणाची, वाक्यात पुल्लिंगी भाववाचक नाम, कारण 'ढगांचा' हा शब्द त्याला जोडला आहे. टपटप : घडण तीच, वाक्यात क्रियाविशेषण, कारण 'लागले' हे थेंबांप्रमाणे चालते. धाडकन : क्रियाविशेषण, एका झटक्याचे. धस्स : अनुकरण, पण नाम नाही, 'झाले' हे त्याचे लक्षण. धडधड : 'होऊ लागली' मुळे स्त्रीलिंगी भाववाचक नाम. तगमगत होता : तगमग या शब्दाचे क्रियापद, म्हणून या वाक्यात भाववाचक नाम नाही, 'जिवाची तगमग होत होती' असे लिहिले असते तर झाले असते. शुकशुकाट : भाववाचक नाम, रूप आवाजाचे आणि अर्थ शांततेचा.

पुस्तिकेतील पहिला प्रश्न मी 'अधोरेखित शब्द कसा तयार झाला आहे?' असा आणि दुसरा 'अधोरेखित शब्द कोणत्या प्रकारचे नाम आहे?' असा बदलून सुचवला आहे. लेखकांनी तो बदल मान्य केला. गडबड हा शब्द मी यादीतून काढायला लावला.

एक शंका अजूनही शिल्लक आहे. भाववाचक नामांचे सहसा अनेकवचन होत नाही असे आपण शिकवतो, मग 'घरच्या कटकटी संपत नाहीत' या वाक्यातील 'कटकटी' कशा?

उपान्त्य

चांगले हेरलेत. 'त्याची कटकट सुरू झाली' यात कटकट म्हणजे न थांबणारे बोलणे, म्हणजे एक क्रिया आहे आणि तिचे अनेकवचन होत नाही. 'घरच्या कटकटी' म्हणताना फुटलेली नळजोडणी, थकलेले हप्ते, आजारपण अशा मोजता येणाऱ्या वेगवेगळ्या अडचणी डोळ्यांसमोर असतात. तिथे तो शब्द सामान्यनामासारखा चालतो, म्हणून त्याला अनेकवचन मिळाले. किरकिर आणि कुरकुर यांचीही अशी अनेकवचने होतात का, ते ऐकायला मला आवडेल. माझ्या कानाला 'कुरकुरी' हे रूप पटत नाही, पण बोलींत ते असू शकते.

वेदिका

आमच्याकडचे वयस्कर रुग्ण 'अंगाच्या किरकिरी' असे सर्रास म्हणतात. लहानसहान दुखण्यांसाठी तो त्यांचा नेहमीचा शब्द आहे. मी तो आजवर कधी लिहिलेला पाहिला नाही.

रानवाटा

मी यादी करायला घेतली आहे आणि उपान्त्य सरांनी सांगितल्याप्रमाणे तिचे दोन भाग पाडतो आहे. आरवणे आणि हंबरणे यांपाशी अडलो. हंबरण्यात गाईचा आवाज मला स्पष्ट ऐकू येतो, आरवण्यात कोंबड्याचा येत नाही. तुम्हाला येतो का?